"बारीक झालीस गं!": एका बारा वर्षांच्या मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते वेगळ्याच तक्रारीने. मुलगी चिडचिड करते, डबा भरलेला परत आणते आणि अभ्यासात लक्ष नाही, एवढंच आईने फोनवर सांगितलं होतं. मुलीला इथे रेवा म्हणू या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

रेवा तेव्हा बारा वर्षं पाच महिन्यांची होती. घरात आई, बाबा आणि आजी, म्हणजे बाबांची आई. आत्या आणि तिचा मोठा मुलगा यांचं घरी सतत येणं-जाणं. घर प्रेमळ होतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण अशी प्रकरणं वाचताना आपण मनात एक दुष्ट माणूस शोधू लागतो. इथे तसा कोणी नव्हता. रेवाला लहानपणापासून सगळे ‘गोलू’ म्हणायचे. तिसरी-चौथीपर्यंत ती स्वतःही वहीवर ‘गोलू’ असं नाव घालायची.

अकरा पूर्ण झाली तेव्हा तिची उंची १४२ सेंटिमीटर आणि वजन ३६ किलो होतं. पुढच्या एका वर्षात ती १४९ सेंटिमीटर आणि ४३ किलो झाली. सात सेंटिमीटर आणि सात किलो! ऐकणाऱ्याला आकडा मोठा वाटतो, पण या वयात तो अगदी अपेक्षित आहे. मुलींची उंची झपाट्याने वाढते त्याच्या आगेमागे वजनही भरतं. कंबर, मांड्या, छाती यांवर चरबी चढते आणि ती चढायलाच हवी, कारण पाळी सुरू होणं आणि नियमित होणं त्यावरही अवलंबून असतं. वाढीच्या तक्त्यावर रेवा तिच्या नेहमीच्याच पट्ट्यात होती. बारा पूर्ण होण्याच्या सुमारास तिची पाळीही सुरू झाली.

घरच्यांचे शेरे नेमके याच वर्षात वाढले. शरीर आपलं काम नीट करत होतं आणि घर त्यावर बोलत होतं.

पहिली भेट आणि माझी पहिली चूक

उकाड्याच्या दिवसांत रेवा पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट घालून आली होती. बसताना तिने दप्तर मांडीवर घेतलं आणि पोटाशी धरलं. आई शेजारी बसली, तिची पर्स तशीच पोटाशी. ही गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण तिचा अर्थ मला बऱ्याच उशिरा लागला.

बोलता बोलता रेवा म्हणाली, "मला सगळे जाड म्हणतात." मी तिचं वजन केलं. ३८.५ किलो भरलं, उंची १५० सेंटिमीटर. तक्ता काढला आणि बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, तुझं वजन अगदी नॉर्मल आहे. तू मुळीच जाड नाहीस."

या एका वाक्यात दोन चुका होत्या. एक तर धीर देण्याच्या नादात मी तिच्या घरच्यांनी लावलेलीच मोजपट्टी वापरली. फक्त निकाल वेगळा दिला. ‘तू जाड नाहीस’ या बोलण्याचा मुलीला कळणारा अर्थ असा, की जाड असतीस तर काळजीचं होतं. दुसरी चूक जास्त गंभीर. मी आजचा आकडा पाहिला, त्याचा प्रवास पाहिला नाही. ४३ वरून ३८.५, म्हणजे चार महिन्यांत शरीराच्या दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरलं होतं, तेही ज्या वयात वजन वाढत राहायला हवं त्या वयात. ‘नॉर्मल’ पट्ट्यात राहूनही मूल आजारी असू शकतं. आधीची वजनं आईकडून मागवायला मी दोन आठवडे लावले आणि डॉक्टरांकडे पाठवेपर्यंत तिसरा आठवडा गेला.

प्रश्न नेमका काय होता

बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या दोन गोष्टींनी चित्र पालटलं. रेवाची पाळी दोनदा येऊन तीन महिने थांबली होती. सुरुवातीच्या वर्षात पाळी मागेपुढे होते, म्हणून आईने ते मनावर घेतलं नव्हतं. पण सलग नव्वद दिवस पाळी आली नाही तर पहिल्या वर्षातही तपासून घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट नाडीची. पाच मिनिटं आडवं निजवून मोजली तर ५४, उभं केल्यावर ८२. पुरेसं अन्न मिळेनासं झालं की शरीर काटकसर करतं आणि हृदयाचा वेग कमी होतो. उभं राहिल्यावर मात्र त्याला एकदम धावावं लागतं. जागेपणी नाडी ५० च्या खाली गेली असती तर रुग्णालयात ठेवायचा विचार करावा लागला असता. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी यांत बाकी काही निघालं नाही.

हे घडलं कसं, ते तिच्याकडून तुकड्यातुकड्याने कळलं.

आत्याच्या मुलाच्या वाढदिवसाला सगळ्यांचा फोटो काढायचा होता. दादा मोबाइल धरून म्हणाला, "गोलू, जरा कडेला हो, तू आलीस की फ्रेममध्ये दुसरं कोणी मावत नाही." सगळे हसले. रेवाने मला हे सांगितलं तेव्हा दादाचा उल्लेख तिने एकदाच केला. "बाबा पण हसले," हे मात्र तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना ती दप्तराची चेन उघडत आणि लावत होती.

त्या रात्रीपासून तिने रात्रीचं जेवण निम्मं केलं. मग डबा. मग खोली बंद करून उड्या.

आता माझ्या मते या प्रकरणाचा खरा सांधा. दोन महिन्यांनी आत्या आली आणि दारातच म्हणाली, "अगं, किती बारीक झालीस! छान दिसतेस. काय केलंस, मलाही सांग." आजी म्हणाली, "आता कशी नीट मुलगी दिसते." शाळेत मैत्रिणींनीही विचारलं. टोमण्याने रेवाने जेवण निम्मं केलं होतं. कौतुकानंतर ते जवळजवळ बंद झालं. तिच्याच शब्दांत, "आधी कोणीच मला ‘काय केलंस’ असं विचारायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं तिच्याकडून काहीतरी शिकायला मागत होती. आता पुन्हा जेवायला लागणं म्हणजे ती जागा सोडणं होतं.

आईबाबांना टोमणा आठवत होता आणि त्याचं वाईटही वाटत होतं. आत्याचं वाक्य मात्र दोघांनाही आठवलं नाही. कौतुक कोण लक्षात ठेवतो?

समोरचे पर्याय

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली बाबांना पसंत होती: वय आहे, जाईल, तिला काही बोलू नका. नाडी आणि पाळी पाहिल्यावर ती बाद झाली.

दुसरी आईला हवी होती आणि खरं सांगायचं तर मलाही सोयीची होती. रेवाने दर आठवड्याला माझ्याकडे यायचं आणि आम्ही दोघींनी तिच्या शरीराविषयीच्या विचारांवर काम करायचं. यातली अडचण अशी की उपाशी मेंदूशी वाद घालून उपयोग होत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केलं होतं. ते स्वेच्छेने आले होते, त्यांना बारीक व्हायचं नव्हतं. तरी ते दिवसभर अन्नाचा विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, चिडखोर आणि एकलकोंडे झाले. रेवाही तासन्‌तास स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची, स्वतः न खाता आजीला भरवायची. आई म्हणायची, "तिला खाण्याची इतकी आवड आहे, मग खात का नाही?" ही आवड नव्हती, ही भूक होती. चिडचिडही बरीचशी त्यातलीच.

म्हणून तिसरी वाट धरली. आधी ताट, मग विचार. आणि ताटाची जबाबदारी काही काळ रेवाकडून काढून आईबाबांकडे. त्याच्याच जोडीला घरातल्या बोलण्याकडे बघायचं. शाळेला किती सांगायचं यावर आम्ही थोडा खल केला आणि फक्त वर्गशिक्षिकांना, तेही डबा आणि खेळाचा तास यापुरतं सांगायचं ठरवलं. नाडी सुधारेपर्यंत डॉक्टरांनी पळापळ बंद ठेवायला सांगितली होती.

काय केलं: ताट

तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीन वेळा खाणं. काय आणि किती हे आईबाबा ठरवणार. रेवा जेवताना दोघांपैकी एकजण शेजारी बसणार, आणि जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास सोबत राहणार. ताटावर वाटाघाटी नाहीत, पण रागावणंही नाही. बाबांनी मला विचारलं, "ती रडली तर?" रडू द्यायचं, आपण उठायचं नाही, एवढंच सांगितलं. "मला माहीत आहे हे अवघड जातंय, मी बसलोय इथे," हे वाक्य त्यांनी अक्षरशः पाठ केलं.

पहिले दहा दिवस वाईट गेले. एका रात्री जेवण पावणेदोन तास चाललं. वजन डॉक्टरांकडेच, आठवड्यातून एकदा, रेवाने काट्याकडे पाठ करून. घरचा वजनकाटा आईने माझ्याकडे आणून ठेवला. तो आजही माझ्या कपाटात आहे.

काय केलं: घरातलं बोलणं

आईबाबा म्हणाले, "आता आम्ही तिला काहीच बोलत नाही." मी त्यांना सात दिवस एक काम दिलं. घरात कोणाच्याही शरीराबद्दल, कोणीही, चांगलं किंवा वाईट काहीही बोललं की कपाटाच्या दाराआतल्या कागदावर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, कोणाबद्दल.

आठवड्याने कागद आला त्यावर ३१ रेघा होत्या. रेवाबद्दलच्या फक्त चार. टीव्हीवरच्या आणि ओळखीच्या माणसांबद्दलच्या तेरा. उरलेल्या चौदा रेघा आईच्या स्वतःबद्दलच्या होत्या. "या ड्रेसमध्ये मी केवढी दिसते." "माझा फोटो नको." "आज जास्त झालं, उद्या उपाशी राहते." आई कागद बघत बसली आणि मग म्हणाली, "पण मी तर माझ्याबद्दल बोलते."

त्या दिवशी मी तिला दप्तर आणि पर्स यांबद्दल विचारलं. तिने मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं. ती तेरा वर्षांची असताना काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिच्या मापाचं काही मिळणार नाही." आज ती एक्केचाळीस वर्षांची आहे. घरातल्या सगळ्या फोटोंमध्ये ती मागच्या रांगेत आहे, किंवा पुढे असली तर हातात पर्स, पिशवी, कोणाचं तरी बाळ. काका जाऊन बरीच वर्षं झाली. वाक्य बोलायला त्यांना दोन सेकंद लागले असतील, ते त्यांना स्वतःला आठवतही नसेल. आईने मुलीला हे कधी सांगितलं नव्हतं. मुलीने ते पाहून पाहूनच उचललं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये पालकांसाठी जे सुचवलं त्यात वजनावरून चिडवू नका याबरोबरच घरात वजनाबद्दल बोलूच नका, मुलाच्या किंवा स्वतःच्याही, असं आहे. वाचायला सोपं आहे. आईला ते जमायला महिने लागले आणि मला वाटतं तिच्यासाठी ते ताटापेक्षा अवघड होतं.

बाबांचं काम वेगळं होतं. त्यांनी माझ्याकडे येण्याआधीच माफी मागून झाली होती: "अगं, मस्करी होती, तू फार मनाला लावून घेतलंस." ही माफी नव्हे, हा दुसरा आरोप आहे. आम्ही ती पुन्हा घडवली. त्यांनी वाक्य लांबवलं की मी थांबवायचे. शेवटी उरलं ते एवढं: "त्या दिवशी दादा बोलला तेव्हा मी हसलो. मी हसायला नको होतं." त्यापुढे ‘पण’ नाही, ‘तू तर छानच दिसतेस’ नाही. रेवा काहीच बोलली नाही, उठून गेली. बाबांना वाटलं फुकट गेलं. तीन दिवसांनी तिने मला सांगितलं, "बाबांना आठवत होतं."

आजी, आणि माझी दुसरी चूक

आजीशी कोणी बोलायचं हा कठीण निर्णय होता. आई बोलली असती तर सुनेने सासूला सुनावलं असं झालं असतं, म्हणून बाबांनी बोलायचं ठरलं. इथवर बरोबर होतं. मी मात्र बाबांना एक यादी करून दिली: काय बोलायचं नाही. गोलू नाही, बारीक नाही, जाड नाही, खाण्यावर शेरा नाही.

आजीने यादी पाळली, फारच काटेकोरपणे. तिने रेवाशी बोलणंच सोडलं. "मी काही बोलले की चूक होते, त्यापेक्षा गप्प बसते." घरात रेवा आली की आजी देवघरात. रेवाला वाटलं, माझ्यामुळे आजी अशी झाली, आणि त्या आठवड्यात ताट पुन्हा अर्धवट राहू लागलं.

नातीशी जवळीक साधायचे आजीचे शब्दच मी काढून घेतले होते आणि बदल्यात काही दिलं नव्हतं. आजीला मग मी स्वतः भेटायला बोलावलं. तिची चूक काढली नाही. रेवा लहान असताना तुमचं दोघींचं काय चालायचं, हे विचारलं. कळलं, दोघी पत्ते खेळायच्या आणि रेवा चिटिंग करायची. पत्ते पुन्हा निघाले. संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी आजी शेजारी बसून डाव मांडू लागली. खाणं हातातल्या पत्त्यांमागे सरकलं आणि आईबाबांना दिवसातला एक फेरा सुटला.

तिसऱ्या महिन्यात आजी एकदा प्रेमाने म्हणून गेली, "गालावर जरा तजेला आला हो." आपल्याला हे निरोगी वाटतं. सावरत असलेल्या मुलीला ते ‘गाल भरले’ असं ऐकू येतं. रेवा त्या रात्री जेवली नाही. पण या वेळी तिने कारण सांगितलं, आणि आईने सकाळी नेहमीचं ताट नेहमीच्या वेळी समोर ठेवलं. एका दिवसात प्रकरण मिटलं.

परिणाम

सहाव्या आठवड्याला वजन ४०.५ किलो, पडून घेतलेली नाडी ६२. चौथ्या महिन्यात पाळी परत आली. सहाव्या महिन्यात उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४४ किलो, म्हणजे ती आपल्या जुन्या पट्ट्यात परतली. ताटाची सूत्रं हळूहळू तिच्याकडे दिली: आधी शाळेचा डबा, मग संध्याकाळचं खाणं, सर्वांत शेवटी रात्रीचं जेवण, कारण सुरुवात तिथूनच झाली होती. विचारांवरचं आमचं काम पाचव्या महिन्यात सुरू झालं आणि तेव्हा ते पुढे सरकलं. पहिल्या महिन्यात मी हीच वाक्यं बोलले असते तर भिंतीवर आपटली असती.

सगळं संपलेलं नाही. शाळेचे कपडे चालतात, पण बाहेर जायचं असलं की ती तीनदा बदलते. दादाशी बोलते, त्याच्या घरी जात नाही. फोटोत येत नाही; आम्ही आग्रह करत नाही. ‘गोलू’ हे नाव घरातून गेलं. आजीला ते अधूनमधून आठवतं आणि ती ‘गो’ म्हणून थांबते, त्यावर रेवा एकदा हसलीही.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिल्याच भेटीत मागच्या दोन वर्षांची उंची-वजनं मागेन आणि वजन उतरलेलं दिसलं की त्याच आठवड्यात नाडी आणि पाळीची चौकशी होईल. जाड आहेस की नाहीस यावर निकाल देणार नाही. "मला सगळे जाड म्हणतात" यावर आता मी विचारते, "कोण म्हणालं, तेव्हा तू कुठे होतीस?" उत्तरात बहुधा म्हणणाऱ्यापेक्षा हसणाऱ्याचं नाव येतं.

आजीला यादी देण्याआधी भेटायला बोलावेन. आणि आत्याला मी या सबंध काळात एकदाही भेटले नाही, हे राहून गेलं. टोमणा मारणाऱ्याला गाठायची घाई सगळ्यांना होती. कौतुक करणारीला कोणी काही सांगितलं नाही, मीही नाही. परवा आत्या आली तेव्हा आईला विचारत होती, "तेव्हा किती छान बारीक झाली होती, मग काय झालं?" रेवा शिकवणीला गेली होती, म्हणून निभावलं.

शाळेची वार्षिक आरोग्य तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तिथे मुलींना रांगेत उभं करून वजन मोठ्याने सांगतात आणि एक मुलगी लिहून घेते. रेवाचं वजन पाठमोरं आणि एकटीचं घ्यावं असं पत्र आईने दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.